टीसीएस एनक्यूटी : अर्जातली अडचण आणि ७५ मिनिटांची विभागणी

टीसीएसच्या नोकरभरतीसाठीच्या एनक्यूटी परीक्षेत नेक्स्टस्टेप पोर्टलवर नोंदणी करणं, फॉर्म भरणं, हॉलतिकीट काढणं यात फारसं कोणी अडत नाही. पात्रतेत दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, प्रत्येक टप्प्यावर ६० टक्के मागतात, ५९.८ ला कृपा करून ६० लिहू नका, गुणपत्रिका पुढे तपासल्या जातात. खरी अडचण नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, कधी वडिलांचं नावच गायब. फॉर्म, हॉलतिकीट आणि केंद्रावर दाखवायचं मूळ ओळखपत्र यांवर नाव एकसारखं हवं. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम जाहिरात येण्याआधीच उरका.

आता परीक्षा. अलीकडच्या वर्षांत पायाभूत भागाचा नमुना असा आहे : अंकगणित २० प्रश्न, इंग्रजी २५, तर्क २०, आणि प्रत्येकाला २५ मिनिटं. मुलं सूचनेत ‘एकूण ७५ मिनिटं’ वाचतात आणि ठरवतात, इंग्रजी १५ मिनिटांत संपवू, उरलेली १० गणिताला देऊ. तसं करता येत नाही. प्रत्येक विभागाचं घड्याळ वेगळं असतं, वाचलेला वेळ पुढे जात नाही आणि संपलेला विभाग पुन्हा उघडत नाही. दरवर्षी हुशार मुलं इथे अडकतात, आणि ही गोष्ट सूचनांमध्ये ठळक का लिहीत नाहीत, याची चीड येते.

म्हणजे नियोजन विभागाच्या आतच करायचं. तर्काचा विभाग घ्या. समजा, २० पैकी ५ प्रश्न एकाच बैठकव्यवस्थेवर आहेत. तो संच समोर आला तरी आधी सुटे १५ प्रश्न मिनिटाला एक या वेगाने उरका, अडेल तो मागे ठेवा. राहिली १० मिनिटं. आता संच उघडा आणि आकृती मांडायला ३ मिनिटं द्या. तेवढ्यात निम्मी माणसं जागेवर बसली, तर पुढचे पाचही प्रश्न भराभर सुटतात. नाही बसली, तर संच सोडा आणि मागे ठेवलेल्या सुट्या प्रश्नांकडे वळा. संचाने सुरुवात करणाऱ्यांची १२-१२ मिनिटं त्यातच जातात आणि शेवटचे सोपे प्रश्न न वाचताच राहतात.

गणितात प्रश्नामागे ७५ सेकंद येतात. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर आधी घ्या. आकडेवारीचा तक्ता शेवटी. इंग्रजीत मिनिटाला एक प्रश्न, म्हणून उतारा वाचण्याआधी त्याखालचे प्रश्न वाचा.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा शेवटच्या मिनिटात एकही प्रश्न कोरा ठेवू नका. नुसतं Mark for Review दाबलं आणि पर्याय निवडला नाही, तर तो प्रश्न कोराच राहतो. मात्र दुसऱ्या कंपनीच्या परीक्षेत हे सगळं बदलू शकतं. काही ठिकाणी मागच्या प्रश्नावर परत जाताच येत नाही, तिथे वरची दोन फेऱ्यांची पद्धत चालणार नाही. सूचनांच्या पानावर ‘मागे जाता येईल का’ आणि ‘गुण कापतात का’ या दोन ओळी शोधूनच सुरुवातीचं बटण दाबा.