सात बाय आठच्या किचनमध्ये शेगडी नेमकी कुठं ठेवायची

सांगलीत विश्रामबागेला ओळखीतल्या एका घरी ओटा आठ फुटी आणि सरळ, डाव्या टोकाला खिडकीखाली सिंक, त्याला चिकटूनच शेगडी, आणि फ्रीज बाहेर हॉलमध्ये. म्हणजे भाजी फ्रीजमधून काढा, सिंकला धुवा, मग शेगडीसमोरून पलीकडं जाऊन चिरा आणि परत शेगडीकडं या. दोनदा तेच अंतर तुडवायचं, तेही पेटलेल्या शेगडीपुढून!

सिंक, शेगडी आणि फ्रीज हे तीन बिंदू जोडले की होतो तो वर्किंग ट्रँगल, 1940 च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ही कल्पना पुढं आली. प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट आणि तिन्हींची बेरीज साधारण 13 ते 26 फूट असावी असा नियम. मोजायचं ते प्रत्येकाच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून. या घरी सिंक ते शेगडी जेमतेम अडीच फूट आणि फ्रीजपासून दोन्हीकडं बारा-तेरा, बेरीज 27 च्या वर. पण माझ्या मते बेरजेपेक्षा वाईट ते अडीच फूट, कारण मध्ये परात ठेवायलाही जागा नाही आणि नळाचं पाणी उडून कढईतल्या गरम तेलात पडतं.

आता हलवायचं काय? सिंक नाही, त्याच्या ड्रेनेजच्या पाइपला उतार लागतो, तो फोडून बदलणं महागात जातं. शेगडी मात्र सरकते. तिचा मध्य डाव्या भिंतीपासून सहा फुटांवर नेला की सिंकपासून पाच फूट झाले, मध्ये जवळजवळ तीन फूट मोकळा ओटा आला आणि उजवीकडं उतरवलेलं भांडं ठेवायला एक फूट उरला. फक्त सिलिंडरही सोबत सरकवावा लागतो, गॅसची नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि जोड देऊन तर अजिबात वाढवायची नाही.

फ्रीज आत आणून समोरच्या भिंतीला मधोमध लावला तर दोन्हीकडं चार-चार फूट, बेरीज 13. अडचण एकच, ओटा आणि फ्रीज दोन-दोन फूट खोल धरले तर मध्ये तीनच फूट राहतात, फ्रीजचं दार उघडं असताना मागून कुणाला जाता येत नाही. दोघीजणी एकदम स्वयंपाक करत असतील तर फ्रीज हॉलमध्येच दाराजवळ आणलेला बरा.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं भाकरी करताना फ्रीज लागतच नाही हो, लागतो तो ज्वारीच्या पिठाचा डबा, परात, पाणी आणि तवा. म्हणून साठवणीचा कोपरा ठरवताना मी फ्रीजच्या आधी डबा बघते. पिठाचा डबा त्या तीन फुटी मोकळ्या ओट्याच्या खाली, परात त्याच्याच शेजारी उभी, मिसळणाचा डबा शेगडीपासून हाताच्या अंतरावर पण बर्नरच्या बरोबर वर नको, वाफेनं तिखट-हळदीचे गोळे होतात. वर्षाचं धान्य, पापड-कुरडया खुशाल माळ्यावर.