तीनच रीडिंग, तरी ‘सॅम्पल’च

“तीनच रीडिंग घेतली, तिन्ही धरली, मग एक्सेलमध्ये प्रमाण विचलन काढायला STDEV.P च लागणार ना?”

नाही, STDEV.S, म्हणजे सॅम्पलसाठीचं सूत्र. महापे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये सांडपाण्यातलं क्लोराइड टायट्रेट केलं आणि ब्युरेटवर २४.५, २४.६, २४.७ मिली आलं, असं धरू. हवंय ते पद्धतीचं विचलन, या तीन आकड्यांपुरतं नाही. चौथं रीडिंग कधीही घेता येतं. शिवाय २४.६ ही सरासरी याच तिघांतून काढलेली, म्हणून त्यांना सर्वांत जवळची. अगणित रीडिंगांची सरासरी जराशी बाजूलाच असणार. त्यामुळे फरकांच्या वर्गांची बेरीज, ०.०२, मुळातच तोकडी पडते. STDEV.P सारखं तिला ३ ने भागून वर्गमूळ काढलं तर ०.०८२ मिली, STDEV.S सारखं एक कमी म्हणजे २ ने भागून ०.१०. रिपोर्ट देखणा दिसतो म्हणून पहिला आकडा टाकणारेही असतात! तीस रीडिंगांना मात्र हा फरक दोन टक्क्यांच्या आत येतो.