दहा टक्के आवक घटली की भाव दीडपट का होतो?

जुलै २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात २० किलो टोमॅटोचे क्रेट दोन हजार रुपयांच्या आसपास विकले जात होते. सप्टेंबरमध्ये तेच क्रेट शंभराच्याही खाली आले. खाणारी माणसे तेवढीच होती आणि भूकही तेवढीच. मग भाव वीसपट कसा बदलला? 'व्यापाऱ्यांनी माल दाबून ठेवला' हे उत्तर मोबाइलवर सगळ्यात आधी येते. कांद्याबाबत त्यात तथ्य असू शकते, कारण उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. टोमॅटोबाबत मात्र ते शक्यच नाही. लाल झालेले फळ साध्या हवेत चार-पाच दिवसांत मऊ पडते. कच्चे फळ शीतगृहात १० अंशांखाली फार दिवस ठेवले तर पुढे ते नीट पिकत नाही, सालीवर खड्डे पडतात आणि चव जाते. आलेला माल त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विकावाच लागतो, आणि खरा खुलासा इथेच आहे.

समजा, एका लहान बाजारात रोज १,००० क्रेट येतात. खरेदीदार सगळे सारखे नसतात. हॉटेलवाल्याला रस्सा करायचाच असतो, त्यामुळे तो महाग असले तरी घेतो. घरची माणसे भाव चढला की किलोऐवजी पाव किलो घेतात, चिंच-कोकमावर भागवतात. सॉस करणारा कारखाना माल अगदी स्वस्त असेल तरच येतो. या सगळ्यांची मागणी एकाखाली एक मांडली तर असे दिसेल: ९०० रुपये भावाला ७०० क्रेट खपतात, ६०० ला ८००, ४०० ला ९०० आणि २५० ला १,०००.

आता लिलाव सुरू झाला. आवक १,००० असेल तर शेवटचे शंभर क्रेट उचलायला २५० वालाच खरेदीदार लागतो. आणि एकाच मालाला त्याच वेळी दोन भाव टिकत नाहीत. शेजारच्या गाळ्यावर तसाच माल २५० ला सुटतोय हे दिसत असताना हॉटेलवाला ९०० कशाला देईल? म्हणून शेवटच्या क्रेटचा भाव हाच सगळ्या बाजाराचा भाव होतो. पावसाने तोडणी अडली आणि ९०० क्रेटच आले, तर २५० वाले बाहेर पडतात आणि भाव थेट ४०० होतो. आवक दहा टक्के कमी झाली, भाव साठ टक्के वाढला. अर्थशास्त्रात याला 'मागणी अलवचिक आहे' असे म्हणतात: भाव बराच हलला तरी खप थोडाच हलतो, म्हणून खप थोडा हलवायचा तर भाव बराच हलवावा लागतो.

याच हिशेबात शेतकऱ्याचे दुखणे आहे. १,००० क्रेटचे एकूण अडीच लाख होतात, ७०० क्रेटचे सहा लाख तीस हजार. कमी पिकले तर सर्वांचे मिळून जास्त पैसे होतात, पण ते पैसे ज्याचे पीक वाचले त्यालाच मिळतात. एकट्या शेतकऱ्याने आपले दहा क्रेट घरी ठेवले तर भाव जेमतेम हलतो आणि त्याचा माल मात्र कुजतो. तोडणी, क्रेटचे भाडे आणि वाहतूक एवढाही खर्च निघेना, तेव्हाच तो तोडणी थांबवतो. तोवर माल येतच राहतो.

हातगाडीवर हीच उलथापालथ सौम्य दिसते. बाजार ते दारापर्यंत हमाली, टेम्पो आणि विक्रेत्याची मजुरी मिळून किलोमागे १५ रुपये धरू, वर दहा टक्के नासाडी. शंभर रुपये किलोचा माल दारात सव्वाशेला पडतो, साडेचार रुपयांचा वीसला. शेतकऱ्याचा भाव बावीसपट पडला, तर ग्राहकाचा सहापटच. यात कोणी लबाडी केलेली नसते. टेम्पोचे भाडे टोमॅटोच्या भावाबरोबर उतरत नाही, एवढेच.

मग चढलेल्या भावाला पुरवठा लगेच प्रतिसाद का देत नाही? रोप वाटिकेत तयार व्हायला २५ ते ३० दिवस लागतात आणि लावणीनंतर पहिला तोडा ६० ते ७० दिवसांनी येतो. म्हणजे आजचा भाव बघून केलेली लागवड तीन महिन्यांनी बाजारात दिसते. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव पडले होते, काही भागांत विषाणूजन्य रोगाने झाडेही गेली, अनेकांनी पीक सोडून दिले. त्यातून जुलैची टंचाई झाली. जूनमध्ये भाव चढू लागले तेव्हा गावोगाव एकाच वेळी रोपे लागली आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यांचे तोडे एकदम सुरू झाले.

म्हणून लागवडीचा निर्णय घेताना आजच्या लिलावापेक्षा रोपवाटिकेकडे बघणे उपयोगाचे. आगाऊ पैसे देऊनही आठवडाभर रोपे मिळत नसतील, तर अडीच महिन्यांनी आवकेचा लोंढा येणार हे जवळजवळ नक्की.