एकमेकांवर येणारे विश्वास-अंतराल

दोन सरासरींचे ९५ टक्के विश्वास-अंतराल एकमेकांवर आले म्हणजे त्यांच्यातला फरक सार्थक नाही, हा प्रयोगशाळेच्या अहवालांत वारंवार दिसणारा गैरसमज आहे. विश्वास-अंतराल म्हणजे नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी काढलेला संभाव्य पट्टा, आणि सार्थक फरक म्हणजे निव्वळ योगायोगाने पडला असे मानणे कठीण असा फरक. आलेखावर हे अंतराल दाखवणारे दोन एरर बार एकाच पट्ट्यात दिसतात आणि निष्कर्ष तिथेच लिहून टाकला जातो.

कोल्हापूरच्या गुळाचे एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन गुऱ्हाळांतून प्रत्येकी २५ ढेपांचे नमुने घेऊन ओलावा मोजला. पहिल्याची सरासरी ५.६ टक्के, दुसऱ्याची ६.२ टक्के आणि दोन्हीकडे प्रमाण विचलन १.०. ते २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने भागले की प्रत्येक सरासरीची प्रमाण त्रुटी ०.२ येते. तिला टी-कोष्टकातल्या २.०६ ने गुणले की अंतराल मिळतात: ५.१९ ते ६.०१ आणि ५.७९ ते ६.६१. मधला बराच भाग सामाईक आहे.

पण प्रश्न फरकाचा आहे, आणि फरकाची स्वतःची प्रमाण त्रुटी असते. ती काढताना दोन त्रुटींची बेरीज करायची नसते. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचे असते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण जसा दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान, तशीच ही त्रुटी ०.४ नसून ०.२८३ भरते. कारण सोपे आहे: एका गुऱ्हाळाची सरासरी योगायोगाने वर सरकली, तर त्याच वेळी दुसऱ्याची खाली सरकेलच असे नाही. अंतराल नुसते शेजारी ठेवून पाहणारा मात्र दोन्ही वाईट योगायोग एकदम घडतील असे धरून चालतो.

आता फरक ०.६ ला ०.२८३ ने भागले की २.१२ येतात. ४८ स्वातंत्र्य-अंशांसाठी, म्हणजे एकूण ५० नमुन्यांतून दोन सरासरींचे २ वजा करून, लागणारी मर्यादा २.०१ आहे. म्हणून पी-मूल्य, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, साधारण ०.०४. फरकाचा ९५ टक्के अंतराल ०.०३ ते १.१७ असा येतो. त्यात शून्य नाही, म्हणजे फरक सार्थक आहे. अंतरालाचे खालचे टोक शून्याच्या इतके जवळ असल्याने मात्र हा निष्कर्ष फार जपून मांडावा.

ही चूक एकाच दिशेने होते. नमुने स्वतंत्र असतील आणि अंतराल मुळीच भिडत नसतील, तर फरक सार्थकच असतो. एकाची सरासरीच दुसऱ्याच्या अंतरालात पडली, तर तो सार्थक नसतो. डोळा फसतो तो या दोहोंमधल्या पट्ट्यात. दोन्ही त्रुटी सारख्या असताना अंतराल नुसते टेकले, तर पी-मूल्य ०.०५ नसून मोठ्या नमुन्यांत सुमारे ०.००६ असते.

एकाच ढेपेचे दोन तुकडे करून दोन पद्धतींनी ओलावा मोजला असेल, तर वेगवेगळे अंतराल पाहून काहीच ठरवता येत नाही. ढेपाढेपांतला फरक दोन्ही अंतरालांना रुंद करतो आणि ते जवळजवळ पूर्ण एकमेकांवर बसतात. तरीही दुसरी पद्धत प्रत्येक ढेपेत थोडे जास्तच दाखवत असू शकते. तिथे ढेपेगणिक वजाबाकी करून त्या फरकांच्या सरासरीचा अंतराल काढावा आणि अहवालात तोच द्यावा.