वेळापत्रक वाचून गाडी बदलत प्रवास आखणं: मोठ्यांचं शिक्षण, नागपूर

मोठ्या माणसांना एसटी किंवा रेल्वेचं टाइमटेबल वाचायला आणि मधे गाडी बदलावी लागणारा प्रवास स्वतः आखायला शिकवणं, असा हा साक्षरता वर्गातला भाग. अक्षरं आणि आकडे वाचता येणाऱ्यांनाही हे वेगळं शिकवावं लागतं, कारण टाइमटेबल ओळीने वाचायचं नसतं, एक गोष्ट आडवी आणि दुसरी उभी शोधून दोन्ही जिथे भेटतात तिथे थांबायचं असतं. बोट हमखास खालच्या ओळीत घसरतं. म्हणून ओळीखाली पट्टी किंवा घडी घातलेला कागद ठेवायला सांगतात, साधा उपाय आहे पण यानेच अर्ध्या चुका जातात असं माझं मत.

गाडी बदलणं म्हणजे काय हे नागपुरात मेट्रोवर छान दाखवता येतं, कारण ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही लाइन सीताबर्डीला भेटतात. खापरीहून लोकमान्य नगरला जायचं तर सीताबर्डीला उतरून दुसरी गाडी, बस. मेट्रोत लगेच पुढची गाडी येते त्यामुळे वेळेचा हिशोब लागत नाही, तो खरा लागतो एसटी आणि रेल्वेला.

गणेशपेठच्या बसस्टँडवरच्या बोर्डावर गाडी कुठे जाणार, कुठल्या मार्गे आणि किती वाजता सुटणार एवढंच असतं, पोचायची वेळ नसते. ती कंडक्टरला किंवा चौकशीच्या खिडकीत विचारून स्वतः जोडावी लागते. रेल्वेत उलट, प्रत्येक स्टेशनला येण्याची आणि सुटण्याची अशा दोन वेळा असतात, आणि नवीन माणूस उतरायच्या स्टेशनला चुकून सुटण्याची वेळ वाचतो. शिवाय रेल्वेचं घड्याळ चोवीस तासांचं, म्हणजे १७:२० दिसलं की १२ वजा करून संध्याकाळचे ५:२०. सगळ्यात महागात पडते ती मध्यरात्र: तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:१० असेल तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्रीच पोचायचं. १५ च्या रात्री गेलेल्या माणसाची गाडी जवळपास एक दिवस आधीच गेलेली असते.

दुसरी चूक वजाबाकीची, आणि ती हिशोबात पक्के असलेल्यांकडून जास्त होते. ८:५० ते १०:१० किती वेळ, तर दुकान चालवणाऱ्या काकू पटकन १.६० सांगतात, कारण डोक्यात रुपये-पैसे असतात, तिथे शंभर पैशांचा रुपया आणि इथे साठ मिनिटांचा तास. अशा वेळी वजाबाकी सोडून पुढे मोजत जायचं: ८:५० ते ९ दहा मिनिटं, ९ ते १० एक तास, वर दहा मिनिटं, झाले एक तास वीस मिनिटं.

आता एक सराव, यातल्या वेळा शिकवण्यासाठी बनवलेल्या आहेत. नागपूरहून परतवाड्याला दुपारी १ वाजेपर्यंत पोचायचंय, रेल्वेने बडनेरा, तिथून ऑटोने अमरावती बसस्टँड, मग एसटी. आखणी शेवटापासून मागे करायची. अमरावतीहून परतवाड्याला पावणेदोन तास धरले तर ११:१५ ची बस ही शेवटची चालणारी. बडनेरा स्टेशनमधून बाहेर पडून अमरावतीच्या स्टँडवर जायला ४५ मिनिटं आणि गाडी लेट झाली तर म्हणून अर्धा तास, म्हणजे बडनेऱ्याला १० च्या आत उतरायला हवं. नागपूरहून एक गाडी ६:४० ला सुटून ९:२५ ला पोचते, दुसरी ८:१५ ला सुटून ११:०५ ला. दुसरीने गेलं तर स्टँडवर ११:५०, मग १२ ची बस आणि परतवाडा पावणेदोनला, उशीर. पहिली घ्यायची, १०:३० ची बस हुकली तरी ११:१५ ची हातात राहते, आणि रेल्वे तासभर लेट झाली तरी काम होतं.

इथे लोक बडनेऱ्याला उतरलो म्हणजे अमरावतीत पोचलो असं धरून चालतात, तर मधे साधारण दहा किलोमीटर आहेत. जिथे उतरलो आणि जिथून पुढची गाडी सुटते त्या दोन जागा एकच आहेत का, हा प्रश्न प्रत्येक बदलाला विचारून कागदावर लिहायला लावतात. तसंच वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, नागपूरहून चंद्रपूर-बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामवरून वळतात, त्यात बसून वर्धा स्टेशनची वाट बघून उपयोग नाही.

परतीचा कागद वेगळा करायचा, आणि तो परतवाड्याहून निघणाऱ्या शेवटच्या सोयीच्या बसपासून सुरू करायचा, कारण सकाळी एक गाडी चुकली तर पुढची असते, रात्री नसते.