डिसेंबरचा डॉलर, फेब्रुवारीचं बजेट

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला दरवर्षी परदेशी नियतकालिकांची वर्गणी भरावी लागते. रक्कम सोयीसाठी ४०,००० डॉलर धरू. पैसे डिसेंबरात जातात, पण कॉलेजचं बजेट फेब्रुवारीतच ठरतं. दहा महिन्यांनी डॉलर कितीला मिळेल हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी फॉर्मवर रुपयांचा आकडा लिहावाच लागतो. आजचा दर ८५ असेल तर ३४ लाख होतात. इतकी वर्षं आमचे अकाउंटंट म्हणायचे, "सर, दहा टक्के वर धरूया, झालं." हे दहा टक्के कुठून आले, असं एकदा विचारलं. उत्तर मिळालं, "पहिल्यापासून तेवढेच धरतो."

दहा टक्के चूक आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या आकड्यामागे प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा: पुढच्या दहा महिन्यांत दर कुठकुठे जाऊ शकतो, आणि त्यातली कुठली जागा किती शक्य आहे?

याचं उत्तर काढायला दराचं भविष्य कळण्याची गरज नाही. दर रोज साधारण किती हलतो, एवढं कळलं की काम सुरू करता येतं. एक डबा घ्या. गेल्या दहा वर्षांत डॉलरचा दर आदल्या दिवसापेक्षा किती टक्के वर किंवा खाली गेला, ते दर दिवसाला एक चिठ्ठी करून लिहा. सुट्ट्या वगळल्या तर साधारण २४०० चिठ्ठ्या होतील. एफबीआयएल ही संस्था रोज जो संदर्भ दर जाहीर करते, तो यासाठी पुरतो; जुलै २०१८ पूर्वी तो रिझर्व्ह बँक जाहीर करायची. आता एक चिठ्ठी काढा, त्यावरचा टक्का आजच्या ८५ ला लावा, चिठ्ठी परत डब्यात टाका. पुन्हा एक काढा. बाजार दहा महिन्यांत जवळपास २१० दिवस चालतो, म्हणून हे २१० वेळा करा. हाती जो दर येईल तो एक संभाव्य डिसेंबर. असे १०,००० डिसेंबर तयार करा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडा. खालून ५०० वा, बरोबर मधला आणि ९,५०० वा, एवढे तीन दर आपल्याला हवेत.

या पद्धतीला मोंटे कार्लो म्हणतात. १९४६ मध्ये आजारातून उठत असलेले गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम एकट्यानं पत्त्यांचा डाव खेळत होते. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रानं काढताना ते कंटाळले. त्यांच्या मनात आलं, शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजलं तर? जॉन फॉन नॉयमन यांनी ती कल्पना उचलून अण्वस्त्रांच्या गणितात वापरली. नाव सुचवलं निकोलस मेट्रोपोलिस यांनी. उलाम यांचे एक काका नातेवाइकांकडून पैसे उसने घेऊन मोंटे कार्लोला जुगार खेळायला जायचे, त्यावरून. आमच्या अकाउंटंटना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कॉलेजच्या पैशांचा विषय असल्याची आठवण करून दिली.

चिठ्ठ्या हातानं काढायला जन्म जाईल. संगणकाला सेकंदभर पुरतं. `dar.csv` या फाइलमध्ये रोजचे दर जुन्यापासून नव्यापर्यंत एकाखाली एक असले, तर पायथनमध्ये सगळं काम एवढंच:

```python
import numpy as np
d = np.loadtxt("dar.csv")
r = np.diff(np.log(d))
r = r - r.mean() + 0.017 / 210
rng = np.random.default_rng(7)
p = rng.choice(r, size=(10000, 210))
end = d[-1] * np.exp(p.sum(axis=1))
print(np.percentile(end, [5, 50, 95]))
```

चौथ्या ओळीपाशी थोडं थांबायला हवं. गेल्या दहा वर्षांत रुपया एकंदर घसरतच आला, म्हणजे डब्यातल्या चिठ्ठ्यांची सरासरी शून्याच्या वर असते. ती तशीच ठेवली, तर जी घसरण झाली तीच पुढेही होईल असं आपण नकळत ठरवून टाकतो. म्हणून ती सरासरी काढून टाकायची आणि तिच्या जागी बँक आज जो फॉरवर्ड दर देते त्यातली वाढ घालायची. फॉरवर्ड म्हणजे डिसेंबरात डॉलर अमुक दरानं देऊ, असा बँकेनं आजच केलेला करार. तो दर भारतातल्या आणि अमेरिकेतल्या व्याजदरांच्या फरकावरून ठरतो. फरक वर्षाला दोन टक्के असेल, तर दहा महिन्यांचे सुमारे १.७ टक्के. तेच ते 0.017. फॉरवर्ड हे भाकीत मुळीच नाही. पण आज खरोखर मिळू शकणारा तोच एक भविष्यातला दर आहे, म्हणून खालच्या आणि वरच्या दरांमधल्या पट्ट्याचा मध्य तिथे ठेवणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.

डब्यातली रोजची हालचाल साधारण ०.३ टक्के असेल, तर उत्तर असं येतं: खालचा दर ८०.५, मधला ८६.५, वरचा ९२.९. रुपयांत ३२.२ लाख, ३४.६ लाख आणि ३७.२ लाख. शंभरातल्या नव्वद काल्पनिक डिसेंबरांमध्ये बिल या दोन टोकांच्या मध्ये पडलं. ३७.२ च्या वर गेलं ते फक्त पाचांमध्ये.

दिवसाला ०.३ टक्के, मग २१० दिवसांत ६३ टक्के का नाही? कारण वर-खाली पावलं एकमेकांना खात जातात. पसारा दिवसांच्या संख्येनं वाढत नाही, तिच्या वर्गमुळानं वाढतो. २१० चं वर्गमूळ साडेचौदा, म्हणून एकूण पसारा ४.३५ टक्के.

पुढचा प्रश्न हमखास येतो: दहा हजारच का, दहा लाख डिसेंबर का नकोत? करून पाहा. पाचव्या ओळीत जिथे 7 आहे तिथे दुसरा आकडा टाकला की चिठ्ठ्या नव्यानं निघतात आणि वरचा दर किंचित बदलतो. फक्त १०० डिसेंबर काढले तर हा बदल ८०-९० पैशांचा असतो, म्हणजे आपल्या बिलात पस्तीसेक हजार रुपये. १०,००० काढले तर तो नऊ पैशांच्या आसपास येतो, म्हणजे साडेतीन हजार. इथे थांबावं. त्यापुढचा अचूकपणा फुकट जातो, कारण खरी चूक चिठ्ठ्यांच्या संख्येत नसून डब्यात असते.

ती चूक २०२३ मध्ये फार सहज झाली असती. त्या वर्षभर डॉलर ८२-८३ रुपयांच्या आसपास जवळपास बसून होता. रिझर्व्ह बँक डॉलर विकून आणि विकत घेऊन दर सांभाळत होती. "ताजी माहिती घ्या" म्हणून कुणी तेवढ्या एका वर्षाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या असत्या, तर रोजची हालचाल निम्म्यावर आली असती. ०.१५ टक्के धरून तेच गणित केलं की पट्टा ८३.४ ते ८९.६ येतो. वरचं टोक ३७.२ लाखांवरून ३५.८ वर उतरतं. संगणक दोन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासानं छापतो, आणि अरुंद पट्टा दिसायला जास्त नेटका वाटतो. पण ती शांतता रुपयाचा स्वभाव नव्हती, धोरण होतं. २०२४ च्या अखेरीस दर पुन्हा हलू लागला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ८७ च्या पुढे गेला.

डबा विश्वासाचा आहे का, हे तपासायचं तर मागच्या वर्षांत जाऊन उभं राहायचं. आपल्या पट्ट्याचं खालचं टोक आजच्या दरापेक्षा सुमारे पाच टक्के खाली आहे, वरचं नऊ टक्के वर. फेब्रुवारी ते डिसेंबर २०१७ मध्ये डॉलर चारेक टक्के उतरला: आत. २०१८ मध्ये ६५ वरून ७० च्या जवळ: आत. २०२३ मध्ये जेमतेम हलला: आत. २०२२ मध्ये साडेपंचाहत्तरच्या आसपास असलेला दर डिसेंबरअखेर पावणेत्र्याऐंशीला गेला, म्हणजे अगदी टोकाला घासून. आणि २०१३ मध्ये साडेचोपन्नच्या खालून ६२ च्या आसपास, चौदा टक्के: सरळ बाहेर. ही वर्षं मी निवडून घेतली आहेत. नीट तपासणी करायची तर सगळी वर्षं घ्यायची आणि दर वर्षी फक्त तोपर्यंतच्याच चिठ्ठ्या व तेव्हाचाच फॉरवर्ड वापरायचा. २०१३ मध्ये दोन देशांतल्या व्याजदरांचा फरकही आतापेक्षा मोठा होता. अशा तपासणीत दहातलं एखादं वर्ष बाहेर पडलं तर पट्टा ठीक आहे. तीन पडली तर डबा खोटा. एकही कधीच पडलं नाही, तर पट्टा गरजेपेक्षा रुंद आहे आणि कॉलेजचे पैसे उगाच अडकून पडताहेत.

२०१३ आणखी एक गोष्ट दाखवतं. अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी कमी करणार, अशी चाहूल मे महिन्यात लागली आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पुढे गेला. वादळी दिवस असे सुटे सुटे येत नाहीत, ओळीनं येतात. आपण मात्र एकेक चिठ्ठी वेगळी काढतो, त्यामुळे वादळ शांत दिवसांत विखुरलं जातं. यावर उपाय सोपा आहे: एक चिठ्ठी काढण्याऐवजी सलग वीस दिवसांचा गठ्ठा उचलायचा. ऑगस्ट २०१३ चा गठ्ठा हाती आला की तो अख्खाच येतो. अर्थात, त्यासाठी डब्यात २०१३ असायला हवं. दहा वर्षांची मर्यादा घातली तर ते आता बाहेर राहतं. म्हणून मी पंधरा वर्षं घेतो.

सगळं झाल्यावर बँकेचा टीटी सेलिंग रेट विसरू नये. संदर्भ दराच्या वर बँक आपला फरक लावते आणि बिल त्या दरानं कापलं जातं. यात अनिश्चित काही नसतं, म्हणून त्यासाठी चिठ्ठ्या काढायच्या नाहीत. बँकेला विचारायचं आणि शेवटी मिळवायचं.

फॉर्मवर अजूनही एकच रकाना आहे. त्यात आम्ही ३४.६ लाख लिहिले आणि वरचे २.६ लाख राखीव निधीत वेगळे दाखवले. मग ४०,००० पैकी निम्म्या डॉलरांचं फॉरवर्ड बुक केलं. तो अर्धा भाग १७.३ लाखांवर बांधला गेला आणि एकूण पट्टा ३२.२ ते ३७.२ ऐवजी ३३.४ ते ३५.९ लाखांचा झाला. जुलैअखेर १०५ दिवस उरतील तेव्हा मोकळ्या अर्ध्यासाठी चिठ्ठ्या पुन्हा काढायच्या आहेत. दिवस निम्मे झाले म्हणून पसाराही निम्मा होईल, असं अकाउंटंट म्हणाले. त्यांना वर्गमुळाची आठवण करून दिली: तो तीन दशांशानंच कमी होईल.