उपदेशाचा जर्नल पेपर करायचाय? आधी हे वाचा

आमच्याकडे येणारे बरेचसे पाळक, फादर आणि सेमिनरीतले सर एकच गोष्ट घेऊन येतात, मोबाईलवरचं रेकॉर्डिंग. लोकांना उपदेश खूप आवडला, कुणीतरी म्हणालं हे छापून यायला हवं, आणि मग वाटतं की टाइप करून खाली फूटनोट लावल्या की झालं. तसं होत नाही. का होत नाही ते एका उदाहरणावरून सांगतो.

उधळ्या पुत्राचा दाखला घ्या, लूक १५. उपदेशात ठरलेलं वाक्य असतं की त्या काळी ज्यू समाजात वयस्कर माणसाने धावणं म्हणजे मोठी लाज, आणि तरी बाप धावला. चर्चमध्ये या वाक्याला लोकांच्या डोळ्यात पाणी येतं. जर्नलचा रिव्ह्यूअर मात्र इथेच पेन्सिल टेकवतो आणि विचारतो, कशावरून?

शोधत गेलं की बहुतेक वेळा केनेथ बेली यांच्या १९७६ च्या पुस्तकापाशी पोचतो. त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं मध्यपूर्वेत काढली, काम मोलाचं आहे, पण त्यांचा मोठा आधार म्हणजे विसाव्या शतकातल्या खेड्यांतल्या रीती. तिथून पहिल्या शतकात उडी मारायची तर मधे पुरावा लागतो. सिराख १९:३० मध्ये माणसाच्या चालीवरून माणूस कळतो असं आहे, ते थोडं उपयोगी पडतं, पण धावण्याची लाज त्यातून सिद्ध होत नाही. आणि उलट पुरावा तर बायबलमध्येच आहे, उत्पत्ती १८ मध्ये अब्राहाम पाहुण्यांना बघून धावतो, नंतर गुरांकडेही धावत जातो, आधीच्याच अध्यायात त्याचं वय ९९ सांगितलंय, आणि त्याला कुणीही नावं ठेवत नाही.

म्हणजे उपदेशातलं सगळ्यात जोरदार वाक्यच गेलं. इथे बरेच जण खचतात, आम्हाला मात्र पेपर इथूनच सुरू होतो असं मनापासून वाटतं.

कारण आता प्रश्न बदलतो. लाजेचं सोडा, लूकने शब्द कुठले वापरलेत ते बघा. धावला, गळ्यात पडला, मुके घेतले. उत्पत्ती ३३:४ च्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, एसाव याकोबाला भेटतो तिथे याच तीन क्रिया आहेत, धातू तेच, फक्त त्यांना लागलेले उपसर्ग सारखे नाहीत आणि क्रम थोडा वेगळा. पण तिथे धावणारा कोण? ज्याच्यावर अन्याय झाला तो थोरला भाऊ. लूकमध्ये थोरला भाऊ रागावून बाहेरच उभा राहतो (१५:२८) आणि एसावाने केलं ते बाप करतो. हा बदल लूकने का केला असेल, हा पेपरचा प्रश्न होऊ शकतो. दावा लहान झाला, पण आता तो मजकुरावर उभा आहे.

अर्थात हे साम्य आधीही अभ्यासकांनी नोंदवलंय, त्यामुळे पुढचं काम वाचनाचं. कोण काय म्हणालं आणि त्यात तुम्ही नवीन काय म्हणताय हे पहिल्या दोन पानांत यायलाच पाहिजे. ते नसलं तर पुष्कळदा पेपर रिव्ह्यूअरपर्यंत जात नाही, संपादकच परत पाठवतो. आणि "आपण सगळेच तो धाकटा मुलगा आहोत" हे उपदेशाचं मन आहे हे मान्य, पण पेपरमध्ये त्याला शेवटी एक परिच्छेद, फार तर.

रिव्ह्यूमध्ये सहसा लेखकाचं नाव रिव्ह्यूअरला कळू द्यायचं नसतं, म्हणून "माझ्या मंडळीत", "गेल्या ईस्टरला मी बोललो तेव्हा" असली वाक्यं काढावी लागतात, फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं नावसुद्धा. उपदेश यूट्यूबवर असेल तर लपवू नका, संपादकाला पत्रात सरळ सांगा. आभाराची फूटनोट पेपर स्वीकारल्यावर टाकायची.

जर्नल आधी ठरवा, पेपर नंतर. पुण्याचं ज्ञानदीप, बंगलोर थिऑलॉजिकल फोरम अशांचे जुने अंक चाळून बघा की तुमच्यासारखा विषय तिथे येतो का. आठवड्यात छापतो म्हणून पैसे मागणारा ईमेल आला तर उत्तर देऊ नका, खऱ्या रिव्ह्यूला महिने लागतात.

आम्ही रेकॉर्डिंग उतरवून देतो, प्रत्येक दाव्यापुढे "कशावरून" लिहून देतो, संदर्भ शोधायला मदत करतो, भाषा आणि फूटनोट जर्नलच्या पद्धतीत बसवतो. युक्तिवाद मात्र तुम्हीच लिहायचा, तो आम्ही लिहून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. पेपर स्वीकारला जाईल अशी गॅरंटीही देत नाही.

पहिल्या भेटीला येताना रेकॉर्डिंग आणा, आणि उपदेशाची तयारी करताना जी पुस्तकं उघडली होती त्यांची यादी आणा, आठवतील तेवढी चालतील.